आई-बाबांचा अमेरिकेतला मुक्काम वाढवायची वेळ आली तर

परतीचं तिकीट हातात आहे, बॅगा अर्ध्या भरल्या आहेत, आणि आठ-दहा दिवस आधी आई घसरून पडते. किंवा विमान कंपनीचा संदेश येतो की उड्डाण रद्द झालं, पुढची जागा आठवड्यानंतर. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आई-बाबांच्या बाबतीत असं काही ना काही दरवर्षी ऐकू येतं. अशा वेळी डॉक्टर, विमा, तिकीट यांच्या मागे सगळे धावतात आणि एक तारीख मात्र मागे राहून जाते. ती तारीख न चुकवता मुक्काम कसा वाढवून घ्यायचा, ते इथे सांगतो. हे भारतीय पासपोर्टवर बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसावर आलेल्यांसाठी आहे.

तारीख कुठली बघायची

पासपोर्टवरच्या व्हिसावर २०३३ साल छापलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की घाई कसली. व्हिसा हा फक्त दारापर्यंत येण्याचा परवाना आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो, आणि ते ज्या नोंदीत असतं तिला आय-९४ म्हणतात. बी-२ वाल्यांना बहुतेक वेळा सहा महिने मिळतात, पण नेहमीच नाही. पासपोर्ट आधी संपत असेल तर तारीख त्याप्रमाणे अलीकडची टाकलेली असू शकते.

ही नोंद i94.cbp.dhs.gov या सरकारी संकेतस्थळावर मिळते. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि पासपोर्ट कुठल्या देशाचा एवढं भरलं की झालं, पैसे लागत नाहीत. (त्याच नावासारखी दिसणारी, पैसे मागणारी पानंही गूगलवर वर येतात. पत्ता .gov ने संपतोय ना, तेवढं बघा.) पानावर Admit Until Date असं लिहिलेलं दिसेल. खरी मुदत ती. हे पान आई-बाबा उतरल्याच्या आठवड्यातच काढून ठेवावं, कारण त्यात चूक असेल तर दुरुस्त करून घ्यायला तेव्हा वेळ असतो. दोघांची पानं वेगवेगळी असतात आणि तारखा सारख्याच असतील असं गृहीत धरू नये.

मुदत वाढवायची म्हणजे काय करायचं

अर्जाचं नाव आय-५३९. तो यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे जातो. विमानतळावरच्या अधिकाऱ्यांशी, किंवा मुंबईत ज्यांनी व्हिसा दिला त्या वकिलातीशी, याचा काही संबंध नाही. त्यांना फोन करून वेळ घालवू नका.

नियमातला कणा एवढाच: आय-९४ वरची तारीख संपायच्या आत अर्ज खात्याच्या हातात पडला पाहिजे. खातं सांगतं की निदान ४५ दिवस आधी करा. ती सूचना आहे, अट नाही. दुखणं ४५ दिवस आधी सांगून येत नाही हे त्यांनाही माहीत आहे. शेवटच्या दिवशी केलेला अर्जही वेळेतला अर्ज असतो, फक्त तो ऑनलाइन करावा, कारण पोच त्याच मिनिटाला मिळते. टपालाने पाठवला तर तुम्ही पोस्टात टाकल्याची तारीख धरत नाहीत, त्यांना मिळाल्याची धरतात. ऑनलाइन फी एप्रिल २०२४ पासून ४२० डॉलर आहे आणि कागदी अर्जाची ४७०. पैसे भरण्याआधी यूएससीआयएसच्या फीच्या पानावर आकडा एकदा बघून घ्या.

नवरा-बायको एकाच अर्जात येऊ शकतात. एक मुख्य अर्जदार, दुसरा सहअर्जदार, आणि फी एकदाच. सोबत आलेल्या सासूबाई किंवा मावशी मात्र त्यात बसत नाहीत, त्यांचा अर्ज वेगळा.

अर्ज केल्यावर निकाल यायला कित्येक महिने लागू शकतात. बी-२ च्या अर्जाला जादा पैसे भरून निकाल लवकर मिळवायची सोय नाही. पण वेळेत आणि खऱ्या कारणाने केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंत इथला मुक्काम बेकायदा धरला जात नाही. म्हणूनच बऱ्याचदा आई-बाबा सातारा-सांगलीला पोचून दोन महिने झाल्यावर निकालाचं पत्र येतं, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

एक उदाहरण, तारखांसकट

समजा आई-बाबा १५ एप्रिलला नेवार्कला उतरले. दोघांच्या आय-९४ वर १४ ऑक्टोबर. परतीचं तिकीट ५ ऑक्टोबरचं. १८ सप्टेंबरला आई जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, निदान दहा आठवडे लांबचा विमानप्रवास नको. पायात रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो आणि चालायला लागायला फिजिओथेरपी हवी. दहा आठवडे म्हणजे नोव्हेंबरची अखेर.

इथे हाताशी २६ दिवस आहेत. पहिले दोन-तीन दिवस दवाखान्याचेच. त्यानंतरचं पहिलं काम म्हणजे डॉक्टरांचं पत्र. डिस्चार्जचे कागद पुरत नाहीत, कारण त्यात आजार लिहिलेला असतो, पण प्रवास का नको आणि कधीपर्यंत नको हे कुठेच नसतं. अर्ज तपासणारा माणूस डॉक्टर नसतो. त्याला हाडाच्या नावावरून काही कळणार नाही. म्हणून पत्रात चार गोष्टी सरळ वाक्यात याव्यात: काय झालं आणि कुठल्या तारखेला, कुठले उपचार चालू आहेत, पंधरा-सोळा तासांचा विमानप्रवास का धोक्याचा आहे, आणि अंदाजे कुठल्या महिन्यात प्रवास करता येईल. लेटरहेड आणि सही हवी. दवाखान्यातल्या लोकांना घाई असते, तेव्हा हे मुद्दे एका कागदावर लिहून नेलेत तर पत्र लवकर हातात पडतं. ‘पेशंटला विश्रांतीची गरज आहे’ एवढ्या एका ओळीचं पत्र मिळालं तर नम्रपणे परत करा आणि तारीख घालून मागा.

आता किती मुदत मागायची? इथे बहुतेक जण कचरतात. कमी मागितलं तर लवकर मंजूर होईल असं वाटतं, म्हणून १ डिसेंबर मागतात. मग नोव्हेंबरच्या अखेरीस डॉक्टर म्हणतात अजून तीन आठवडे, आणि पहिला निकाल आलेला नसतानाच दुसरा अर्ज करायची पाळी येते. कारण प्रलंबित अर्जाचं छत्र तुम्ही मागितलेल्या तारखेपर्यंतच धरून चालावं. त्यापुढे राहायचं असेल तर ती तारीख उलटायच्या आत नवा अर्ज, नवी फी. आपल्या उदाहरणात तिकीट १८ डिसेंबरचं करून घ्यावं आणि मुदत १५ जानेवारीपर्यंत मागावी. एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त मिळत नाही, आणि पहिल्या प्रवेशापासून एकूण मुक्काम सर्वसाधारणपणे वर्षाच्या पुढे जात नाही. ‘मिळतायत तर सहा महिने मागून ठेवू’ हाही शहाणपणा नाही. दहा आठवड्यांच्या दुखण्याला सहा महिने मागितले की बाकीच्या दिवसांत काय करणार हा प्रश्न आपणहून ओढवून घेतलात.

बाबांचं काय? ते ठणठणीत आहेत. पण ते सहअर्जदार म्हणून याच अर्जात येतात आणि अर्जासोबतच्या पत्रात एक वाक्य पुरतं की पत्नीची शुश्रूषा करायला आणि परतीच्या प्रवासात सोबतीला ते थांबत आहेत. एवढं लिहायला विसरू नका, नाहीतर त्यांचं कारण कोऱ्या कागदावर राहतं.

सोबतचं पत्र आणि कागद

अर्जाचा जीव या पत्रात असतो. फॉर्ममध्ये माहिती जाते, कारण पत्रातूनच कळतं. पत्र आई-बाबांच्या नावाने, त्यांच्या सहीचं, इंग्रजीत, एका पानाचं. आधी कोण, कधी आलो, मुदत कधी संपते. मग ५ ऑक्टोबरचं तिकीट होतं हे आवर्जून, कारण त्यावरून दिसतं की परत जायचं ठरलेलंच होतं. मग काय झालं, डॉक्टर काय म्हणतात, कुठल्या तारखेपर्यंत मुदत हवी आणि नवं तिकीट कधीचं आहे. शेवटी खर्च कोण करतंय आणि भारतात परत कशासाठी जायचंय.

या शेवटच्या मुद्द्याला पुरावा लागतो आणि आपल्याकडे तो भरपूर असतो. पेन्शनचं पासबुक, घरपट्टीची पावती, शेती असेल तर सातबारा, बाबा अजून प्रॅक्टिस करत असतील किंवा दुकान चालवत असतील तर त्याचे कागद. सगळं द्यायची गरज नाही, दोन-तीन ठळक गोष्टी पुरतात. मराठीतल्या कागदाला इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून द्यावं लागतं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, सोबत नाव, सही, तारीख. त्यासाठी नोटरी शोधत बसू नका. दोन्ही भाषा नीट येणारा ओळखीचा माणूस चालतो.

खर्चासाठी मुलाचं किंवा मुलीचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, आणि ‘यांचा राहण्या-जेवणाचा खर्च मी करतो’ असं पत्र. आजारपण असेल तर दवाखान्याचं बिल कसं भागवलं जातंय हेही दाखवा, म्हणजे विम्याचे कागद किंवा हप्त्यांचा करार. पर्यटकांचा विमा आय-९४ च्या मुदतवाढीबरोबर आपोआप वाढत नाही, आणि एकदा संपला की नवा घेताना हेच दुखणं ‘आधीपासूनचं’ म्हणून वगळलं जाऊ शकतं. म्हणून जुनी पॉलिसी संपायच्या आत तीच वाढवून मिळते का ते विचारा.

आणखी एक. पत्रात नातवंडांचा उल्लेख करायचा मोह आवरा. ‘मुलीच्या बाळाला सांभाळायला कुणी नाही’ हे वाक्य घरात खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यात बिनपगारी कामवाली दिसते. मुदतवाढीचं खरं कारण दुखणं आहे, तर दुखण्याबद्दल लिहा. दुखणं नसताना मात्र ते रचू नका. खोटा पुरावा सापडला तर पुढचे सगळे व्हिसे अडकतात.

फॉर्म भरताना

my.uscis.gov वर खातं आई किंवा बाबांच्या नावाने उघडा, त्यांच्या ईमेलवर. मुलाने स्वतःच्या जुन्या खात्यातून, जिथून त्याने कधीतरी ग्रीन कार्डाचा अर्ज केला होता, तिथून भरू नये. मुलगा शेजारी बसून टाइप करत असेल तर फॉर्ममध्ये तयार करणाऱ्याची माहिती विचारतात, तिथे त्याने आपलं नाव द्यायचं.

आय-९४ चा नंबर ११ खुणांचा असतो, त्यात अक्षरंही असतात, शून्य आणि ‘ओ’ मध्ये गफलत होते, तेव्हा पानावरून थेट कॉपी करा. पासपोर्टची मुदत मागितलेल्या तारखेच्या पुढे हवी. नसेल तर भारतीय वकिलातीकडे नूतनीकरणाचा अर्ज आधी टाका, तो व्हीएफएस मार्फत जातो, आणि त्याची पावती जोडा.

पुढे हो-नाही प्रश्नांची रांग येते. अटक, गुन्हा वगैरे लोक भराभर ‘नाही’ करत जातात, आणि त्याच भरात एका प्रश्नावरही ‘नाही’ करतात: तुमच्यासाठी कुणी ग्रीन कार्डाची याचिका केली आहे का. अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाने मागे कधी आय-१३० भरला असेल तर उत्तर ‘हो’ आहे. ती नोंद यूएससीआयएसकडेच असते, लपत नाही. असं असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोला, कारण तात्पुरतं आलोय हे पटवून देणं तिथे अवघड होतं.

पैसे भरले की पावती नंबर मिळतो, ऑनलाइन अर्जांचा नंबर IOE ने सुरू होतो. पावतीचं पत्र ऑनलाइन खात्यात येतं, ते छापून पासपोर्टमध्ये ठेवा. बोटांचे ठसे द्यायला बोलावलं तर ती तारीख टाळू नका. आई चालू शकत नसतील तर पत्रावर लिहिलेल्या पद्धतीने तारीख बदलून घ्या. आणखी कागद मागणारं पत्र आलं तर त्यावर उत्तराची शेवटची तारीख असते. उत्तर एकदाच, पूर्ण पाठवायचं. या सगळ्या सूचना त्या ऑनलाइन खात्यात येऊन पडतात आणि आई-बाबा ईमेल बघत नाहीत, तेव्हा दर आठवड्याला उघडून बघणं मुलांचं काम.

विमान रद्द झालं तर

इथे हिशोब दिवसांचा असतो. समजा आय-९४ वर १४ ऑक्टोबर, विमान १२ तारखेचं, ते रद्द, आणि कंपनी १७ ची जागा देते. आधी दुसऱ्या मार्गाने १४ च्या आत निघता येतं का ते बघा. विमान कंपनीने रद्द केलं असेल तर दुसऱ्या शहरातून किंवा भागीदार कंपनीच्या विमानात जागा मागता येते. काउंटरवरच्या माणसाला आय-९४ चं पान दाखवून सांगा की या तारखेच्या आत देश सोडायचा आहे. ‘व्हिसा संपतोय’ म्हणाल तर तो व्हिसा बघेल, त्यावर २०३३ दिसेल, आणि संभाषण तिथेच संपेल.

नाहीच जमलं तर त्याच दिवशी आय-५३९ ऑनलाइन. कागद कमी लागतात: रद्द झाल्याचा ईमेल, जुनं तिकीट, नवं तिकीट, दोन परिच्छेदांचं पत्र. मुदत १७ नाही, महिनाअखेरपर्यंत मागा, कारण जे विमान एकदा रद्द झालं ते पुन्हा होऊ शकतं.

‘तीन दिवसांनी काय होतंय’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. होतं ते असं: मुदतीपलीकडे एक दिवस जरी अर्जाशिवाय राहिलं तरी ज्या व्हिसावर आलात तो कायद्याने रद्द धरला जातो, मग त्यावर छापलेली आठ-नऊ वर्षं शिल्लक असोत. नवा व्हिसा भारतातूनच काढायचा, माणशी १८५ डॉलर आणि मुलाखतीची रांग. त्यापुढे ४२० डॉलर महाग नाहीत. तीन वर्षांची प्रवेशबंदी वगैरे लोक ऐकून असतात, ती मात्र १८० दिवसांच्या वर बेकायदा राहिल्यावर लागते, तीन दिवसांवर नाही.

सॅटिसफॅक्टरी डिपार्चर नावाची ३० दिवसांची सवलत इंटरनेटवर वाचून काही जण निर्धास्त होतात. ती व्हिसाशिवाय, एस्टा नावाच्या ऑनलाइन परवानगीवर येणाऱ्यांना आहे. लंडनहून ब्रिटिश पासपोर्टवर आलेल्या काकांना ती मागता येते आणि उलट त्यांना आय-५३९ भरता येत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना बरोबर उलटं.

रात्रीच्या विमानांचा एक सापळा आहे. आय-९४ ची शेवटची तारीख १४ आणि विमान १४ च्या रात्री साडेअकराचं असेल तर दोन तास उशीर झाला की तुम्ही १५ ला देश सोडता. तिकीट काढतानाच आठ-दहा दिवसांची जागा ठेवा.

तारीख उलटूनच गेली असेल तर

आई अतिदक्षता विभागात होत्या, घरातल्या कुणाला भान नव्हतं, आणि तारीख गेली. उशिरा आलेला अर्जही खातं स्वीकारू शकतं, पण उशीर आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने झाला आणि त्या कारणाला शोभेल एवढाच झाला, हे दाखवावं लागतं. दोन आठवडे व्हेंटिलेटरवर आणि शुद्धीवर आल्यावर चार दिवसांत अर्ज, हे पटतं. घरी येऊन महिना झाल्यावर केलेला पटत नाही. मध्ये इथे काम केलेलं नसावं आणि हद्दपारीची कारवाई चालू नसावी. इथे वकिलाची फी वाचवू नका.

निकाल, आणि परत निघताना

मंजुरीच्या पत्राच्या खालच्या भागात नवं आय-९४ छापलेलं असतं. संकेतस्थळावर जुनीच तारीख दिसत राहिली तर घाबरू नका, पत्रावरची खरी. अर्ज नामंजूर झाला तर दुसऱ्या दिवसापासून बेकायदा मुक्कामाचे दिवस मोजले जायला लागतात. प्रवास शक्य असेल तर मिळेल त्या पहिल्या विमानाने निघायचं, आणि नसेल तर त्याच दिवशी वकील गाठायचा.

निकाल येण्याआधीच बऱ्या होऊन आई निघू शकल्या तर निघावं, निकालासाठी थांबू नये. अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा, फोटोही काढा. पुढच्या खेपेला विमानतळावर अधिकारी विचारेल की मागच्या वेळी १४ ऑक्टोबरची मुदत होती, तुम्ही १८ डिसेंबरला गेलात, कसं काय. तेव्हा अर्जाची पावती, डॉक्टरांचं पत्र आणि बोर्डिंग पास हँडबॅगेत हवेत, चेक-इन केलेल्या बॅगेत नकोत.